बुधवारची भाजी, मंगळवारचे अकरा: तोडणीची खबर आणि ऑर्डरची मुदत कशी ठरवायची

शेतातला भाजीपाला थेट शहरातल्या घरांना द्यायचा ठरवला, पंचवीस-तीस घरं जमली, पहिल्या दोन-तीन फेऱ्या उत्साहात पार पडल्या, की पुढे दोन प्रश्न हमखास येतात. या वेळी काय आणि किती माल आहे, हे लोकांना कधी कळवायचं? आणि ऑर्डर घेणं कधी थांबवायचं? ही दोन वेळापत्रकं जुळली नाहीत तर एखाद्या दिवशी बांधावर वांगी जून होतात आणि एखाद्या दिवशी दहा घरांना "माल संपला" म्हणून फोन करावे लागतात. आपल्याकडे खान्देशात ऊन, थंडी, मजुरांची वेळ आणि विजेची पाळी या चार गोष्टी हे वेळापत्रक ठरवतात. म्हणून पुण्या-मुंबईच्या एखाद्या कंपनीचा "रात्री बारापर्यंत ऑर्डर करा" हा नियम इथल्या शेतकऱ्याने उचलू नये. त्यांच्याकडे गोदामात माल पडून असतो. आपला माल ऑर्डर येते तेव्हा झाडावर असतो.

हे सगळं एका उदाहरणातून समजावून घेऊ. जळगाव शहरापासून दहा-बारा किलोमीटरच्या आतलं गाव. दहा गुंठे भरताची वांगी, शेजारी मेथी-पालकाचे वाफे, थोडी हिरवी मिरची. महिना डिसेंबर. महाबळ, रामानंदनगर आणि पिंप्राळा भागातली मिळून पन्नासेक घरं. माल आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी सकाळी, पोहोचवायचा. तुमचं पीक आणि शहर वेगळं असेल, धुळे असेल किंवा नंदुरबार, पण मोजण्याची रीत हीच राहील.

मुदत शेवटाकडून मोजा

नवखा माणूस मुदत ठरवताना गिऱ्हाइकाची सोय आधी बघतो. "रात्री जेवणं झाल्यावर लोक निवांत असतात, तर दहापर्यंत घेऊ ऑर्डर," असं त्याला वाटतं. मी सांगेन, आधी माल घरी पोहोचण्याची वेळ लिहा आणि तिथून एकेक काम मागे मोजत या.

बुधवारी सकाळी सात ते दहा या वेळेत माल घरी पोहोचला पाहिजे, कारण त्यानंतर नोकरीवाली घरं बंद होतात. म्हणजे गाडी शेतातून सव्वासहाला निघाली पाहिजे. गाडी भरायला अर्धा तास, म्हणून पावणेसहाला सगळ्या पिशव्या बांधून तयार हव्यात. पन्नास घरांच्या पिशव्या भरायला घरातल्या दोन माणसांना दोन तास लागतात. पहाटे साडेतीनला उठून हे काम करता येतं, पण थंडीत बल्बच्या उजेडात केलेल्या कामात चुका होतात. एकाची मिरची दुसऱ्याच्या पिशवीत जाते. म्हणून पिशव्या आदल्या संध्याकाळी, सात ते नऊ, भरून ठेवायच्या. त्याआधी तासभर निवडायला लागतो: किडकं वांगं बाजूला, मेथीची पिवळी पानं काढायची.

डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणून तोडणी साडेपाचपर्यंत आटोपली पाहिजे. वांगी, मेथी, पालक, मिरची मिळून तीन बायांना तीन तासांचं काम आहे असं धरलं, तर तोडणी अडीचला सुरू व्हावी. बाया दुपारची भाकरी खाऊन दोनच्या सुमाराला परत कामाला लागतात. म्हणजे दोन वाजता त्यांच्या हातात पक्का आकडा पाहिजे: वांगी इतके किलो, मेथी इतक्या जुड्या. त्या आकड्यासाठी पन्नास ऑर्डरींची बेरीज करायला आणि "थोडी मेथी" असं लिहिणाऱ्यांना "थोडी म्हणजे किती जुड्या, ताई?" असं विचारायला दीड तास धरा. मग झाले साडेबारा. वर तास-दीड तास राखीव, कारण शेतात रेंज जाते, फोनची बॅटरी संपते, एखादी पावती शोधावी लागते.

तर मुदत आली मंगळवारी सकाळी अकरा. ती अशी निघाली. गिऱ्हाइकाने विचारलं, "भाऊ, एवढ्या लवकर का बंद करता?" तर हाच हिशोब त्याला दोन ओळींत सांगता येतो, "दुपारी अडीचला तोडणी असते, दोन वाजता बायांना आकडा द्यावा लागतो." कारण कळलं की बहुतेक घरं मुदत पाळतात. नुसतं "नियम आहे" म्हटलं की वाद होतो.

मजुरांचा एक पेच इथे लक्षात घ्या. मंगळवारी किती बाया लागतील, हे मुकादमाला किंवा बायांना सोमवारी संध्याकाळीच सांगावं लागतं, तेव्हा ऑर्डरी तर आलेल्या नसतात. म्हणून मजूर कधीही ऑर्डरीवर ठरवू नका, शेतात तोडायला आलेल्या मालावर ठरवा. वांगं तयार असेल तर ते तोडावंच लागतं. ऑर्डर कमी आली तर उरलेलं बुधवारी पहाटे बाजार समितीत आडतीला जाईल. झाडावर ठेवलं तर बी धरतं, भरताच्या कामाचं राहत नाही, आणि त्याच्या ओझ्याने पुढचं फूलही मागे पडतं.

आकडा अंदाजाने सांगू नका, मोजून सांगा

"या बुधवारी भरपूर वांगी आहेत" ही तोडणीची खबर झाली नाही. खबरीत किलो हवेत, आणि ते किलो झाडं मोजून आलेले हवेत. यासाठी सोमवारी सकाळी अर्धा तास काढा.

शेताच्या चार वेगवेगळ्या सऱ्या धरा. बांधाजवळची एक, मधल्या दोन आणि पाण्याच्या शेवटच्या टोकाची एक. बांधालगतची झाडं बहुतेक वेळा वेगळी वागतात, म्हणून सगळा नमुना तिथलाच घेऊ नये. प्रत्येक सरीत ओळीने पाच झाडं, म्हणजे एकूण वीस झाडं. उद्या दुपारपर्यंत तोडण्याजोगी होतील तेवढीच वांगी मोजायची. भरताचं वांगं चकचकीत असतं आणि दाबलं तर हलकं दबून परत येतं. तेज गेलेलं, निबर झालेलं वांगं मोजू नका, ते बाजारालाही नको.

समजा वीस झाडांवर दहा वांगी निघाली. म्हणजे झाडामागे अर्धं. दहा गुंठ्यांत मर जाऊन उभी झाडं १००० आहेत, तर वांगी ५००. चार-पाच वांगी तोडून वजन करा. सरासरी २५० ग्रॅम आलं, तर एकूण सव्वाशे किलो. आता यातून किडकं वजा करा. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी वांग्याला सोडत नाही. आपल्या शेतात गेल्या तोड्याला चार वांग्यांत एक किडकं निघालं असेल तर चौथा हिस्सा कमी. उरले ९४ किलो.

हे ९४ किलो लोकांना सांगायचे नाहीत. ऑर्डरीसाठी यातले पाचातले चार हिस्से, म्हणजे ७५ किलो, उघडे करायचे. हा राखीव हिस्सा नवीन शेतकऱ्याला फुकट गेल्यासारखा वाटतो, कारण थेट भाव आडतीच्या भावाहून चांगला असतो. पण वीस झाडांचा नमुना हजार झाडांची खात्री देत नाही, आणि सोमवार ते मंगळवार या दीड दिवसात थंडी पडली तर वांगं फुगतच नाही. डिसेंबर-जानेवारीत जळगावचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा वांग्याची वाढ डोळ्यांना दिसेल इतकी मंदावते. अशा आठवड्यात मी निम्माच माल उघडा करायला सांगेन.

पालेभाजीचं मोजणं वेगळं. मेथी उपटली की वाफा संपला, ती परत येत नाही. म्हणून वाफे मोजायचे. एका वाफ्याच्या कोपऱ्यातला हातभर चौकोन उपटून त्याच्या जुड्या बांधा, त्यावरून पूर्ण वाफ्याचा आकडा काढा. पालक कापून पुन्हा फुटतो, तेव्हा मागच्या कापणीला किती दिवस झाले ते वहीत बघा. मेथीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: काळी जमीन कोरडी असेल तर मेथी उपटताना मुळं तुटतात, मातीची ढेकळं सोबत येतात आणि जुडी घाण दिसते. आदल्या दिवशी हलकं पाणी हवं. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. ही पाळी बघितल्याशिवाय मेथीची खबर देऊ नका.

फवारणीची वही आधी, खबर नंतर

खबर लिहायच्या आधी फवारणीची वही उघडायची. प्रत्येक कीडनाशकाच्या लेबलवर किंवा सोबतच्या पत्रकावर पीकवार लिहिलेलं असतं, की शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करावी. हा प्रतीक्षा काळ औषधागणिक फार वेगळा असतो. वांग्यावरच्या काही औषधांचा तीन दिवस आहे, तर काहींचा वीस दिवसांच्याही वर. दुकानदार सांगेल त्यावर न जाता लेबल वाचा, आणि ते तुमच्याच पिकासाठी लिहिलेलं आहे का ते पाहा. वांग्याचा आकडा मिरचीला लावून चालत नाही.

वहीत तीन रकाने पुरतात: फवारणीची तारीख, औषध, आणि "या तारखेआधी तोडायचं नाही". तिसरा रकाना फवारणीच्याच दिवशी भरा. समजा शनिवारी फवारलं आणि लेबलवर पाच दिवस आहेत. म्हणजे गुरुवारच्या आधी तोडणी नाही, आणि बुधवारच्या फेरीत वांगं नाही. मंगळवारी झाडावर कितीही तयार माल दिसला तरी नाही. खबरीत स्पष्ट लिहा, "फवारणीमुळे या बुधवारी वांगी नाहीत, शनिवारी आहेत." काहींना वाटतं असं लिहिलं तर गिऱ्हाईक घाबरेल. माझं मत उलट आहे. जो माणूस थेट शेतातून घेतोय त्याला हे माहीत असायचा हक्क आहे, आणि लहान लेकरांच्या घरात तो माल जाणार आहे. यात सवलत घेऊ नका, एका दिवसाचीही नाही.

फवारणी आणि तोडणी अशी अडकू नये म्हणून वेळापत्रक उलटंही लावता येतं. मोठ्या तोड्याच्या लगेच नंतर फवारणी आणि पुढच्या तोड्यापर्यंत प्रतीक्षा काळ पूर्ण होईल असंच औषध निवडायचं. सहायक कृषी अधिकाऱ्याला हाच प्रश्न विचारा: "मला चार दिवसांनी तोडायचंय, या अळीसाठी काय चालेल?" नुसतं "अळीला औषध सांगा" म्हटलं तर उत्तर वेगळं येईल.

खबर कधी आणि कशी लिहायची

सोमवारी सकाळी मोजणी, दुपारी वही, आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला खबर. ही वेळ मी मुद्दाम सांगतो. त्या वेळी घरात उद्या-परवा काय करायचं हे बोललं जात असतं. सकाळी पाठवलेली खबर ऑफिसच्या गडबडीत खाली जाते. मुदत दुसऱ्या दिवशी अकराला, म्हणजे लोकांना सोळा तास मिळतात. दोन-तीन दिवस आधी खबर दिली तर लोक "बघू नंतर" म्हणतात आणि विसरतात, शिवाय तुमचा आकडाही तेवढाच कच्चा असतो. मंगळवारी सकाळी नऊला एक छोटी आठवण पाठवा, त्यात फक्त काय शिल्लक आहे ते आणि मुदत. त्यापेक्षा जास्त मेसेज करू नका. रोज पाच मेसेज आले की माणूस आवाज बंद करून ठेवतो आणि मग कामाची खबरही वाचत नाही.

खबरीचा नमुना असा:

> बुधवार, १० डिसेंबरची फेरी
> भरताची वांगी: ७५ किलो. पाचवा तोडा, माल भरात आहे. १ किलोत साधारण ४ वांगी.
> मेथी: ६० जुड्या. जुडी अंदाजे २५० ग्रॅम, मुळासकट.
> पालक: ४० जुड्या. जुडी अंदाजे २५० ग्रॅम.
> हिरवी मिरची: ८ किलो. तिखट. पाव किलोच्या पटीत.
> ऑर्डरची मुदत: मंगळवार, ९ डिसेंबर, सकाळी ११.
> घरी पोहोच: बुधवार सकाळी ७ ते १०.
> ऑर्डर अशी लिहा: वांगी १, मेथी २, मिरची पाव.

भाव प्रत्येक ओळीच्या शेवटी लिहा. तो तुमचा तुम्ही ठरवाल, पण खबर गेल्यावर मुदतीपर्यंत बदलू नका, बाजार वर गेला तरी.

या नमुन्यात काही गोष्टी विचार करून घातल्या आहेत. "उद्या सकाळी अकरापर्यंत" असं कुठेच नाही. लोक मेसेज दुसऱ्या दिवशी वाचतात, बहिणीला पुढे पाठवतात, आणि त्यांचा "उद्या" बुधवार होतो. म्हणून वार, तारीख आणि वेळ तिन्ही लिहायची, दर वेळी. जुडीचं वजन लिहिलंय, कारण बाजारातल्या जुडीचा आकार रोज बदलतो आणि शहरातली ताई तुमच्या जुडीची तुलना तिच्या कोपऱ्यावरच्या जुडीशी करणार. वांग्याचे नग लिहिलेत, कारण चार माणसांच्या घराला भरीत करायचं तर किती वांगी लागतील हे तिला कळतं, किलोवरून अंदाज येत नाही.

"पाचवा तोडा, भरात आहे" हे चार शब्द फार कामाचे आहेत. पहिल्या तोड्याचं वांगं संख्येने कमी पण कोवळं, मधल्या तोड्यांना माल भरपूर, शेवटच्या तोड्यांत लहान आणि किडीचं प्रमाण जास्त. तोडा कुठला ते लिहिलं की घरं स्वतःच मागणी जुळवतात आणि शेवटी शेवटी "मागच्या वेळेसारखी वांगी नाहीत" ही तक्रार येत नाही. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा हिरवट-पांढऱ्या रेघांचं तेच वाण असेल तरच "जळगावचं भरीत वांगं" लिहा. दुसरं वाण लावलं असेल तर त्याचं नाव लिहा. काड्यांवर भाजल्यावर खाणाऱ्याला फरक लगेच कळतो.

मुदत संपल्यावर

अकरा वाजले की एक ओळ टाका: "बुधवारच्या ऑर्डरी बंद. यापुढची ऑर्डर शनिवारच्या यादीत." आणि मग दोन याद्या करा. पहिली तोडणीची यादी, फक्त बेरजा: वांगी ७१ किलो, मेथी ५४ जुड्या, वगैरे. ही एका कागदावर मोठ्या अक्षरात शेतात जाते. दुसरी घरनिहाय यादी, ती पिशव्या भरायच्या जागी राहते, आणि घरांचा क्रम गाडीच्या रस्त्याचा असतो: आधी पिंप्राळा असेल तर पिंप्राळ्याची घरं वर. पहिल्या यादीत नावं घालू नका. तोडणाऱ्या बाईला नावांशी देणंघेणं नसतं, तिला एकच आकडा लागतो.

उशिराची ऑर्डर येणारच. साडेअकराला कोणीतरी लिहील, "भाऊ, एक किलो वांगी टाकून द्या ना, पाहुणे येताहेत." एकाला हो म्हटलं की पुढच्या बुधवारी पाच जण साडेअकराला लिहितात, आणि तीन आठवड्यांत मुदत दीड वाजता सरकते. माझा नियम असा: उशिराची ऑर्डर नाकारायची नाही आणि घ्यायचीही नाही, तिला गाडीवर ठेवायचं. राखीव मालातले तीन-चार किलो मोकळे गाडीत ठेवावे आणि सांगावं, "पक्कं सांगत नाही ताई, गाडीत उरलं तर सकाळी देतो, नाहीतर शनिवारी तुमचं नाव पहिलं." यामुळे माणूसही तुटत नाही आणि तोडणीचा आकडाही हलत नाही. आकडा एकदा शेतात गेला की त्याला हात लावायचा नाही.

माल कमी पडला तर

आता खरी कसोटी. ऑर्डर ७१ किलोची आहे. सोमवारी रात्री कडाक्याची थंडी पडली आणि मंगळवारी तोडणी झाल्यावर निवडून हाती आले फक्त ६२ किलो. नऊ किलो कमी. संध्याकाळचे साडेसहा वाजलेत.

शेवटी ऑर्डर देणाऱ्या सात-आठ घरांना "संपलं" कळवणं हा सोपा मार्ग आहे. काही मालाला तोच योग्य आहे. जुडी अर्धी करता येत नाही, म्हणून मेथी कमी पडली तर ऑर्डरीच्या वेळेच्या क्रमानेच द्यावी लागते. पण वांगी वजनावर आहेत, तिथे दुसरा मार्ग आहे. ७१ किलो कसे आले ते यादीत बघा. ३१ घरांनी एकेक किलो मागितलंय आणि २० घरांनी दोन-दोन. ३१ अधिक ४०, बरोबर ७१. दोन किलोवाल्यांना दीड किलो दिलं तर दहा किलो वाचतात, लागतात ६१ किलो. हातात ६२ आहेत. एक किलोवाल्या कुणालाही काही कळवावं लागत नाही, कारण त्यांचं पूर्ण आलं. फक्त २० घरांना मेसेज करायचा:

> ताई, काल रात्रीच्या थंडीने वांगी कमी निघाली. तुमच्या २ किलोऐवजी दीड किलो पाठवतोय, पैसे दीडचेच. नको असेल तर आठपर्यंत कळवा.

हा मेसेज पिशव्या भरायच्या आधी, सातच्या आत, गेला पाहिजे. सकाळी दारात उभं राहून "कमी आहे" सांगणं आणि आदल्या संध्याकाळी सांगणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. संध्याकाळी कळलं तर त्या घरातलं कुणीतरी कोपऱ्यावरून अर्धा किलो आणेल. सकाळी कळलं तर त्यांचा स्वयंपाकच अडतो. कुणी भरीत पार्टी ठेवली असेल, पंधरा-वीस माणसं जेवायची असतील, तर त्या घराला मेसेजवर न सोडता फोन करा. त्या एका घराला पूर्ण माल द्यायचा निर्णय तुम्ही घेऊ शकता, पण मग तो अर्धा किलो कुणाच्या वाट्यातून गेला, हे यादीवर लिहून ठेवा.

माल जास्त निघाला तर अडचण कमी. तरी संध्याकाळी सगळ्यांना "वांगी स्वस्त केली, घ्या" असा मेसेज टाकू नका. ज्यांनी अकराच्या आत पूर्ण भावाने मागवलं त्यांना ते फसवल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या वेळी ते संध्याकाळची वाट बघतात. जास्तीचा माल आडतीला द्या.

हंगाम बदलला की मुदतही बदला

डिसेंबरचं वेळापत्रक मे महिन्यात चालत नाही. पारा ४४-४५ वर असताना दुपारी अडीचला तोडलेली पालेभाजी पिशवीत जाईपर्यंत मान टाकते, आणि त्या उन्हात बायांना शेतात उभं करणंही बरोबर नाही. उन्हाळ्यात तोडणी पहाटे उजाडताना, साडेपाच ते साडेसात, सावलीतच ओल्या बारदानाखाली पिशव्या भरायच्या आणि लगेच घरोघरी द्यायच्या. मग मुदत आदल्या दिवशी संध्याकाळी सहा येते, कारण यादी रात्री तयार हवी आणि बायांना पहाटे यायचं हे संध्याकाळीच सांगावं लागतं. पिशव्या पहाटे घाईत भरायच्या म्हणून उन्हाळ्यात मालाचे प्रकार कमी ठेवा: भेंडी, गवार, मिरची एवढं पुष्कळ झालं. भेंडीची खबर देताना ध्यानात ठेवा की ती दिवसाआड तोडावीच लागते. फेरी बुधवार-शनिवार असली तरी भेंडी सोमवारीही तोडायची आणि तो माल बाजारात द्यायचा, नाहीतर बुधवारी जरड भेंडी घरी जाईल.

हिवाळ्यातही एक जपायचं. पहाटे दव पडतं. पालेभाजी पहाटे दवासकट तोडून पिशवीत कोंबली तर दुपारपर्यंत आतून गळते. दुपारी तोडण्याचा हाही एक फायदा, पानं कोरडी असतात.

पावसाळ्यात काळ्या मातीत पाय रुततो आणि तोडणी आपल्या हातात राहत नाही. तेव्हा खबरीतच निर्णयाची वेळ लिहा: "पाऊस लागून राहिला तर बुधवारची फेरी गुरुवारी. नक्की काय ते मंगळवारी दुपारी ३ वाजता कळवतो." आणि तीनला कळवा, पाऊस नसला तरी. "फेरी ठरल्याप्रमाणे" ही ओळही लोकांना हवी असते.

सणावारांनी मागणी कशी हलते तेही आपल्या भागाचं आहे. चातुर्मासात बरीच घरं वांगं खात नाहीत, आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो म्हणून त्या आठवड्यात एका फेरीत दुप्पट ऑर्डर येते. कानबाईच्या रोटांना गंगाफळ लागतं. अशा फेरीला खबर दोन दिवस आधी द्या, घरामागे कमाल मर्यादा घाला, उदाहरणार्थ वांगी दोन किलो, आणि मुदतही एक दिवस अलीकडे आणा, कारण त्या दिवशी मजूर बायांच्या घरीही सण असतो.

प्रत्येक फेरीनंतर तीन आकडे

बुधवारी गाडी परत आली की वहीत तीन आकडे लिहा: सोमवारी मोजलेले किलो, मुदतीपर्यंत आलेली ऑर्डर, प्रत्यक्ष निवडून निघालेला माल. आपल्या उदाहरणात ते आहेत ९४, ७१ आणि ६२. शेजारी एका शब्दात कारण: थंडी. सात-आठ फेऱ्या झाल्या की तुमच्या शेताची खोड कळते. थंडीच्या आठवड्यात मोजलेल्या ९४ चे ६०-६५ होत असतील, तर अशा आठवड्यात ७५ उघडे करणं चूक आहे, ५० करा. उलट उबदार आठवड्यात दर वेळी अंदाजापेक्षा जास्त निघत असेल, तर ८५ पर्यंत जा. पाचातले चार हिस्से हा सुरुवातीचा आकडा आहे, तो कायमचा धरून बसू नका.

याच वहीत मुदतीनंतर आलेल्या ऑर्डरीही खुणेने मांडा. दर फेरीला त्याच तीन घरांकडून उशीर होत असेल तर त्यांना कायमची ऑर्डर लावून द्या: "दर बुधवारी वांगी एक, मेथी दोन, नको असेल तेव्हा मुदतीआधी कळवा." पण वेगवेगळी दहा-बारा घरं उशीर करत असतील, तर चूक त्यांची नाही, खबर उशिरा जाते आहे किंवा मुदत वाचायला सापडत नाही. मग खबर सहाला पाठवून बघा, आणि मुदतीची ओळ सगळ्यात वर न्या.